टोपलीतला युरो

शेंद्र्याच्या कारखान्यात मी लेथवर सुटे भाग काढायचो. माल जर्मनीला जायचा, मालकही तिकडचेच. त्या वर्षी पगारवाढीच्या बोलणीत कामगारांच्या बाजूनं मी बसलो होतो, आणि वाढ मला हवी होती मुलीसाठी. तिला जर्मनीत एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. वर्षभराचा खर्च व्हिसाआधीच युरोत तिथल्या खात्यात भरायचा होता. बँक कर्जाला तयार होती, पण म्हणायची, हप्ता झेपेल एवढा पगार दाखवा.

बोलणीआधी एचआरच्या साहेबांनी कँटीनमध्ये सगळ्यांना भाव विचारले. दूध, तूरडाळ, घरभाडं, केस कापणं, बस. झालं! चढाओढच लागली. स्वस्तात आणलं हे सांगण्यात आम्हाला कोण मर्दुमकी वाटते. एक म्हणाला, "मी शहागंजातून आणतो डाळ, निम्म्या भावात." दुसरा त्याच्यावर ताण करत म्हणाला, "आमची तर गंगापूरहून येती, फुकट!" साहेब हसत हसत सगळं लिहून घेत होते.

बोलणीच्या दिवशी त्याच भावांवरून काढलेली दोन दिवसांच्या खर्चाची 'टोपली' पडद्यावर आली. इथं दोन हजारांची, तिथं जर्मनीत ऐंशी युरोंची. म्हणजे एक युरो पंचवीस रुपयांचा. "तुमचे पस्तीस हजार म्हणजे तिथले चौदाशे युरो," साहेब म्हणाले. "तिथल्या नवख्या कामगाराच्या हातात तेवढेच पडतात." आमच्याच मागच्या रांगेतून चक्क टाळ्या पडल्या.

मी उठलो. "मग मला पंचवीसनं युरो द्या की, साहेब. बँक शंभर घेती."

"तो दर वेगळा," साहेब शांतपणे म्हणाले. "इथं मजुरी कमी, म्हणून केस कापणं, घरभाडं, बस स्वस्त. पण केस कापायला तिकडून कुणी शहागंजात येत नाही. बँकेचा दर ठरतो तो सीमेपार जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर आणि पैशावर. टोपलीतल्या निम्म्या गोष्टी सीमेपर्यंत पोचतच नाहीत."

बोलले ते खरंच होतं, त्याचाच संताप आला. आमच्या हातचे भाग सीमेपार जायचे, तिथं युरोत विकले जायचे. माल बँकेच्या दरानं आणि माणूस टोपलीच्या दरानं! डाळभात मला परवडत होता, व्हय. पण मुलीची खोली आणि जेवण तिथं होतं, आणि तिथं पंचवीसचा युरो कुणी घेत नव्हतं.

वाढीच्या नावानं आमच्या तोंडाला पानं पुसली गेली. बँकेनं नकार दिला, प्रवेशाची मुदत टळून गेली.

पुढं गंगापूरला एका लग्नात मेहुण्यानं पंगतीत सगळ्यांदेखत विचारलं, "काय दाजी, जर्मनीचं काय झालं?" माझ्या शेजारी बसलेली मुलगीच हसून म्हणाली, "मलाच नाय जायचं, मामा. तिकडची थंडी कोण सोसणार?"

तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.