लिटरमागे नऊ युनिट

बाबांच्या होडीला मागे लावायचं पेट्रोलचं मशीन होतं. दोरी ओढून चालू करायचं, निळा धूर सोडायचं. तीस वर्षं बाबांनी तो धूर खाल्ला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसं निम्मीच काम करतायत, आता धुराजवळ जायचं नाही. त्यानंतर बाबा ओट्यावर बसून राहायला लागले. आई बाजारात दुसऱ्यांची मासळी घेऊन विकायची. बाबा तिच्या टोपलीकडे बघायचे नाहीत.

मी तेव्हा पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. आम्ही विजेवरच्या रिक्षांच्या आणि छोट्या टेम्पोंच्या बॅटऱ्या जोडायचो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली घरातली मी पहिलीच. एका रात्री जेवताना मी बोलून गेले, "बाबा, मी तुम्हाला विजेवरची होडी करून देते. धूर नाय, आवाज नाय."

बाबांनी घास थांबवला. "खरं बोलतंस, बाय?"

त्यांच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांनी काहीतरी हललं होतं. तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं.

आधी होडीला ताकद किती लागते ते काढायचं होतं. मशीनवर छापलेले हॉर्सपॉवर कामाचे नव्हते, ते पूर्ण जोराचे असतात. बाबा रोज ज्या चालीने जायचे ती चाल मला मोजायची होती. पाणी थांबलेलं असताना, भरती आणि ओहोटीच्या मधल्या वेळेत, मी आणि काका होडी घेऊन गेलो. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, त्यांचीही होडी शेजारीच बांधलेली असते. टाकी काठोकाठ भरली, बाबांच्या चालीने बरोबर एक तास फिरलो आणि परत भरताना मापाने पेट्रोल ओतलं. तीन लिटर. मोबाइलवर वेग ताशी बारा किलोमीटर दिसत होता.

घरी मी वहीत मांडलं. बाबा शेजारी बसून होते.

"एक लिटर पेट्रोलात साधारण नऊ युनिट उष्णता असते," मी म्हटलं. "आपल्या मीटरवर पडतात तेच युनिट. तीन लिटरात सत्तावीस. म्हणजे तासभर सत्तावीस किलोवॅट जळले."

"एवढी ताकद हाय माझ्या मशीनीत?"

"नाय. चार हिस्से धुरात आणि गरम पाण्यात जातात. पंख्याला मिळतो पाचवा हिस्सा. साडेपाच किलोवॅट धरा."

बाबा म्हणाले, "म्हंजे चार हिस्से मी खाल्लं."

विजेच्या मोटरला तेवढं काम करायला तासाला सव्वासहा युनिट लागणार होते. बाबांचं मशीन दिवसात तीन तास चालायचं. म्हणजे एकोणीस युनिटची बॅटरी, वर थोडी राखीव. तिचं वजन दोनशे किलोच्या पुढे गेलं असतं, जाळं आणि बर्फ ठेवायला जागाच उरली नसती. नऊ लिटर पेट्रोलचं वजन सात किलोसुद्धा नसतं.

वर्कशॉपच्या मालकाकडे एका रद्द झालेल्या ऑर्डरचे बॅटरीचे सेल पडून होते. त्यांतून दहा युनिटचा पॅक होत होता, जवळपास शंभर किलोचा. मालक म्हणाले, "दहात काय होणार तुझं?"

"सर, हळू चालवू. वेग अर्धा केला की ताकद आठवा हिस्साच लागते. तासाला एक युनिटसुद्धा नाय."

ते खरं होतं. होडीचं गणित तसंच असतं. मालकांनी सेल दिले. पाण्याच्या ओढीबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वहीत तिच्यासाठी ओळच नव्हती. थांबलेल्या पाण्यात मोजलेला आकडा होता आणि तो मला सोयीचा होता.

पॅक जोडून मोटर बसवल्यावर पहिल्या काही फेऱ्या भांगाच्या दिवसांत झाल्या, ओढ कमी असते तेव्हा. बाबा पाण्यावर बोट फिरवत बसायचे. म्हणायचे, पाण्याचा आवाज आयकू येतंय. त्या आठवड्यात आईने स्वतःच्या होडीची कोळंबी विकली.

उधाणाच्या रविवारी, ओढ सगळ्यात जास्त असते तेव्हा, मी बाबांसोबत गेले. सकाळी सुकतीबरोबर, ओहोटीच्या पाण्याबरोबर, खाडीतून खाली उतरलो, भरतीवर परत यायचं ठरलं होतं. बाबा खुशीत होते. त्यांनी मध्येच पूर्ण वेग दिला, वीस मिनिटं तसेच पळवत राहिले, आणि मी हसत बसले. जाळं टाकलं तेव्हा बॅटरीच्या पडद्यावर बासष्ट टक्के होते. घर अकरा किलोमीटर लांब होतं.

जाळं ओढताना बाबांना धाप लागली. श्वासाचा पंप तोंडात दोनदा मारला, धाप उतरली नाही. ओठ काळपट झाले. भरती लागायला अजून तीन तास होते. पाणी ताशी चार किलोमीटरने आमच्या विरुद्ध धावत होतं. पेट्रोलचं मशीन असतं तर भरतीची वाट बघायची गरजच नव्हती.

मला तिथे बसून सगळं गणित दिसत होतं. अर्ध्या वेगाने गेले तर सहातून चार वजा, ताशी दोन किलोमीटर, साडेपाच तास. मधल्या वेगाने, ताशी नऊने, वीज जेमतेम पुरली असती, पण सव्वादोन तास लागले असते. पूर्ण वेगाने बारातून चार वजा, ताशी आठ किलोमीटर, पण वीज तासाभरात संपणार.

बाबांनी माझा हात धरला. "जोरान घे, बाय."

मी पूर्ण वेग दिला. त्याच वेळी काकांना फोन लावायला हवा होता, मोबाइल खिशातच होता. मी लावला नाही. विजेच्या होडीला पेट्रोलच्या होडीने ओढून नेलेलं गावाने बघू नये, असं वाटलं मला. माझ्या बापाचे ओठ काळे पडत होते आणि मला ते वाटलं.

किनाऱ्यापासून तीन किलोमीटरवर मोटर बंद पडली. आवाज नव्हताच, त्यामुळे बंद पडलेलंही पटकन कळलं नाही. होडी मागे जायला लागली तेव्हा कळलं. मग फोन केला. काका येईपर्यंत अर्धा तास गेला, तेवढ्यात पाण्याने आम्हाला दोन किलोमीटर मागे नेलं होतं. काकांच्या मशीनचा धूर आमच्यावर येत होता. मी ओढणीने बाबांचं तोंड झाकून बसले.

बाबा वाचले, म्हणजे हॉस्पिटलातून घरी आले. आता कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत असतं आणि नळी नाकात. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर फुफ्फुसांचं काम एवढं उतरलं नसतं. मी आईला हे सांगितलेलं नाही. फोनचंही कोणाला सांगितलेलं नाही.

एकदाच बाबांनी विचारलं. "किती कमी पडलं, बाय?"

"तीन किलोमीटर. बावीस मिनिटांची वीज."

"पेट्रोलात सांग."

"एक लिटर. थोडं वर."

त्यांनी मान हलवली, मच्छीच्या वजनात कोणी थोडं मारलं की हलवायचे तशी. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "होरी देऊन टाक," आणि डोळे मिटले.

होडी काकांनी घेतली. पॅक मी उघडून सेल वर्कशॉपला परत दिले, मालकांनी मोजून घेतले. आई अजून दुसऱ्यांची मासळी विकते. संध्याकाळी मी कामावरून येते तेव्हा बाबा जागे असतात, पण मला बघून भिंतीकडे वळतात. मी ऑक्सिजनच्या मशीनची वायर तपासते, त्याच्या बाटलीत पाणी भरते आणि बाहेर येऊन बसते.