उभ्या बैठकीचा अहवाल

झुल्फिकार मुलाणीचं भोरमध्ये फारसं कुणाशी पटत नव्हतं, आणि त्याची त्याला खंतही नव्हती. टायपिंगच्या क्लासात शिकवायचा तेव्हा पोरांशी पटलं नाही, संगणक आले आणि क्लास बंद पडला तेव्हा क्लासच्या मालकाशी पटलं नाही. मराठी टायपिंगचा वेग मात्र असा, की सांगणारा धापा टाकायचा आणि हा पुढच्या शब्दाची वाट बघत दात कोरायचा. आई म्हणायची, "बोटं अल्लानं दिली. जीभ कुणी दिली म्हाईत न्हाई."

तिशी उलटली होती. शिरवळची एक सोयरीक आली होती, पण मुलीच्या मामांचा एकच प्रश्न होता: मुलगा पगारी आहे का? मुलगा पगारी नव्हता. आनंदरावांच्या कंपनीत तो अहवालागणिक काम करायचा. महिन्याला एक अहवाल, बाकीचे दिवस मोकळा. मामांना ही 'मोकळीक' काही आवडली नाही.

कंपनी म्हणजे एसटी स्टँडसमोर, पंखे-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आनंदराव शिवऱ्याचे. पुण्यात काही वर्षं नोकरी करून परत आलेले आणि येताना तिथल्या सवयी पोत्यात भरून आणलेले. साल दोन हजार आठ. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या दूध संस्थांत वजनकाटा आणि फॅट मोजायचं मशीन संगणकाला जोडायचं, म्हणजे दूध ओतलं की सभासदाच्या नावावर माप आपोआप चढणार, असं काम पुण्याच्या एका भागीदाराच्या भांडवलावर चाललं होतं. पुण्याच्या सवयींपैकी सगळ्यात लाडकी म्हणजे सोमवारची उभी बैठक. खुर्च्या भिंतीला लावायच्या, गोल उभं राहायचं, आणि प्रत्येकानं तीनच गोष्टी बोलायच्या: काय केलं, काय करणार, कुठं अडलं. बसलं की माणूस पाल्हाळ लावतो, उभं राहिलं की पाय दुखतात म्हणून आवरतं घेतो, असं आनंदरावांचं शास्त्र. मधोमध स्टुलावर एक छोटा रेकॉर्डर. महिन्याच्या शेवटी झुल्फिकारनं ते सगळं ऐकायचं आणि भागीदाराला एकच अहवाल मेल करायचा: काय हललं, काय अडलं, आणि का.

पहिल्याच अहवालानं घात केला. वेल्हे तालुक्यातल्या जोडण्या हनुमंत करायचा. तो वेल्ह्याचाच, घरी म्हशी, स्वतः दूध संस्थेत वाढलेला. संस्थेत आकडा नेहमी आजवरचा एकूण सांगतात, तशी त्याची सवय. पहिल्या सोमवारी म्हणाला दोन, मग चार, मग पाच, मग सात. झुल्फिकारनं चारही आठवड्यांचे आकडे इमानानं लिहिले आणि इमानानंच त्यांची बेरीज केली. अठरा. भागीदारानं फोन करून विचारलं, की वेल्ह्यात आपल्याकडं संस्था चौदा, मग अठरा ठिकाणी मशीन कशी बसली? चार काय डोंगरावर बसवली?

आनंदरावांनी हनुमंताला सगळ्यांदेखत खोटारडा म्हटलं. झुल्फिकारला तिथंच कळलं चूक कुणाची. तो म्हणाला, "मी टेपमधलंच लिहितो. टेपबाहेरचं एक अक्षर नाही." हे तसं खरं होतं. खरं असूनही लबाडीचं कसं बोलावं, याचा तो वस्तुपाठ होता.

तेव्हापासून सोमवार म्हणजे जत्रेतली कुस्ती झाली. हनुमंत रेकॉर्डरवर ओणवा व्हायचा आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडायचा, "चितरगुप्ता, ऐकतुयास न्हवं? आजवरचे एकूण आठ. ए-कू-ण. मागल्या हप्त्याच्या सातात मिळवू नगंस, न्हाईतर वेल्ह्याचं पानशेत व्हईल."

"ओरडू नकोस," झुल्फिकार म्हणायचा, "मशीनला कान आहेत. तुझ्या म्हशींसारखं नाही ते."

"म्हशीला बेरीज तरी येती."

हीना त्यांच्या मध्ये सापडायची. प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. दोघांवरही तिचा सारखाच राग. "झुल्फीभाई," ती दातओठ खात म्हणायची, "मागच्या वेळी मी म्हटलं होतं, सभासदांची नावं भरायचं काम माझ्यामुळं नाही, माझ्याकडं अडलंय. तुम्ही लिहिलंत 'हीना यांच्याकडून प्रलंबित'. याचा अर्थ काय होतो, कळतं का तुम्हाला?"

"लिहायला वर्तमानपत्र नाही आपलं. थोडक्यात लिहावं लागतं."

"मग स्वतःचं थोडक्यात लिहा."

दुसरा महिना संपत आला आणि वेल्ह्याचा आकडा आठावरच थिजला. उरलेल्या संस्थांत मशीन बसवलेली, पण बंद, धूळ खात पडलेली. भागीदाराचं सांगणं आलं, की या अहवालात 'का' नीट असू द्या, त्यावर पुढचं भांडवल ठरेल. शुक्रवारी आनंदरावांनी झुल्फिकारला एकट्याला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि आवाजात साय घातली.

"मुलाणी, तुमचं ते शिरवळचं काय झालं?"

"लटकलंय."

"लटकणारच. बघा, पुढच्या महिन्यापासून तुम्हाला पगारावर घ्यायचा माझा विचार आहे. फक्त हा अहवाल स्वच्छ पाहिजे. भागीदाराला सतरा कारणं नकोत, एक माणूस हवा. वेल्ह्यात कोण आहे आपला? हनुमंत. तेवढं लिहा."

झुल्फिकारला वाटलं, देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो ते असं. नोकरी मिळणार आणि शत्रूचा काटाही निघणार. आनंदराव तर आयतंच वाढत होते. तो खुशीतच खाली आला, येताना हनुमंत जिन्यात भेटला तर त्याच्याकडं बघून हसलासुद्धा. हनुमंतानं संशयानं मागं वळून आपल्या पाठीला काही चिकटलंय का ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुल्फिकार कानाला हेडफोन लावून बसला. आता तो पहिल्या महिन्याचा शहाणा राहिला नव्हता. सोमवारामागून सोमवार लिहीत न जाता तो एकेक काम धरत गेला आणि ते चारही सोमवारी काय म्हणून आलंय ते एकाखाली एक मांडत गेला. तेच काम दोन सोमवार त्याच शब्दांत आलं तर ते अडलेलं, बोलणाऱ्यानं कितीही ऐटीत सांगितलं तरी. कामासमोर कोण बोललं आणि कुठल्या सोमवारी, हेही टाकत गेला; तेवढं त्याला हीनाच्या तोंडानं शिकवलं होतं.

हनुमंताला अडकवणारं वाक्य शोधायचं होतं. पहिला सोमवार: "ऱ्हायलेली यंत्रंबी बसवलीत, पर तिथल्या सभासदांची नावं संगणकात न्हाईत. सचिव म्हणत्यात, नावाबिगर माप कुणाच्या नावावर चढवू?" दुसरा सोमवार: नावं न्हाईत. तिसऱ्या सोमवारी भारनियमनाला चार शिव्या, आणि नावं न्हाईत. चौथ्या सोमवारी नुसतंच, "नावं. दुसरं काय सांगू? गाणं म्हणू का?"

बरं, मग नावं का नाहीत? झुल्फिकारनं हीनाचा आवाज लावला. हीना चारही सोमवारी सांगत होती: सचिवांच्या वह्यांच्या झेरॉक्स आल्यात, हजारो नावं आहेत, भरायला दोन मुली लावायची परवानगी मागितलीय. आणि प्रत्येक वेळी तिच्या पाठोपाठ एक तिसरा आवाज यायचा. भरदार, समजूतदार, घाईतला.

"ते मी बघतो. पुढं चला."

चार सोमवार. चार वेळा. झुल्फिकारनं परत ऐकलं. एकदा तर "ते मी बघतो"च्या आधी आनंदरावांनी जांभई दिली होती, तीही स्वच्छ उतरली होती. हनुमंत हीनाकरता थांबलेला, हीना आनंदरावांकरता थांबलेली. आनंदराव कुणाकरताच थांबलेले नव्हते. साखळी तिथं संपत होती.

झुल्फिकारनं हेडफोन काढला आणि आनंदरावांनी सांगितलं होतं ते टाइप केलं: 'अडले: वेल्हे. का: हनुमंत यांची दिरंगाई.' छान दिसत होतं. सुटसुटीत. मामांना आवडलं असतं.

फक्त पुढच्या रकान्यात 'कुणी सांगितलं, कुठल्या सोमवारी' लिहायची जागा होती, आणि ती मोकळी राहिली. त्याच्या डोळ्यांपुढं येणारा सोमवार उभा राहिला. गोल रिंगण, मधे रेकॉर्डर, आणि हनुमंत त्याच्यावर ओणवा होऊन विचारतोय: चितरगुप्ता, टेपबाहेरचं एक अक्षर लिहित न्हाईस न्हवं? मग हे म्या कवा बोललो, तेवढं ऐकव. आणि सगळे ऐकतायत, आणि टेपमध्ये ते वाक्य नाही.

नोकरी हुकलेली चालली असती. सोयरीक मोडलेली चालली असती, मोडायची आधीपण सवय होती. पण हनुमंतानं तोंडावर पाडावं आणि आपल्याला उत्तर नसावं, हे झुल्फिकारला काही केल्या गिळवेना. इतक्या थोर कारणासाठी तो सत्याच्या बाजूला गेला.

त्यानं ओळ खोडली आणि नवी लिहिली. 'अडले: वेल्हे, आठनंतर एकही चालू नाही. का: सभासदांची नावे भरलेली नाहीत (हनुमंत, चारही सोमवार); नावे भरण्यास माणसांची परवानगी नाही (हीना, चारही सोमवार); परवानगीबाबत "ते मी बघतो" (आनंदराव, चारही सोमवार).' जांभई तेवढी गाळली. माणूस अगदीच निर्दय नव्हता. मग नेहमीप्रमाणे भागीदाराला मेल केला, एक प्रत आनंदरावांना.

सोमवारी आनंदराव आले ते कागद मुठीत चुरगाळूनच. खुर्च्या हलवायचीही वाट बघितली नाही.

"हे कुणी लिहायला सांगितलं?"

"तुम्हीच. टेपमध्ये आहे."

"टेप!" आनंदरावांनी स्टुलावरचा रेकॉर्डर उचलला आणि खिशात कोंबला. "पुण्याहून सकाळी फोन आला. मला विचारतात, तुम्ही नेमकं काय बघत होतात म्हणून! मला! हीना, दोन मुली घे, आजच घे. हनुमंत, नावं चढली की आठवड्यात चौदा पुरे झाले पाहिजेत. आणि मुलाणी, तुम्ही आता मोकळेच राहा. कायमचे. अहवाल मी लिहीन."

"लिहा की," झुल्फिकार म्हणाला. "फक्त स्वतःचं बोलणं ऐकायची तयारी ठेवा. त्रास होतो."

हीनाला हसू फुटलं. तिनं ते खोकल्यात घातलं. मग त्याच्याकडं बघून म्हणाली, "आता तरी माझं नाव नीट लिहिलंत." यात आभार असतील तर ते फार खोल पुरलेले होते.

झुल्फिकार जिना उतरला आणि स्टँडसमोरच्या गाड्यावर चहा घेऊन उभा राहिला. मामांना काय सांगायचं, हे जुळवत होता. पाठीमागून हनुमंत आला, त्यानंही चहा घेतला, आणि दोघं वेल्ह्याच्या एसटीकडं बघत चहा फुंकू लागले, जणू त्या गाडीशीच त्यांचं भांडण होतं.

"म्या तुजे उपकार मानंन असं वाटत आसंल तर इसर," हनुमंत म्हणाला.

"तुझ्यासाठी केलंच नाही."

"म्हाईतीय. म्हणूनच तर राग आलाय." त्यानं ग्लास गाड्यावर आपटला. "गप माजं नाव टाकायचं हुतंस. तू पगारी झाला आसतास, म्या घरी म्हशी राखल्या आसत्या, आन् दर बाजारच्या दिवशी भोरात येऊन तुला मोकळ्या मनानं शिव्या घातल्या आसत्या. आता काय घालू? तेवढंबी सुख ठिवलं न्हाईस लेका."

"शिरवळच्या मामांना भेट," झुल्फिकार म्हणाला, "त्यांच्याकडं शिव्या शिल्लक असतील."

एसटीनं हॉर्न दिला. हनुमंत पळत सुटला, आणि दारात लोंबकळत असतानाही त्याचं तोंड चालूच होतं. गाडीच्या आवाजात काय म्हणाला ते काही ऐकू आलं नाही.