ओल वाढव

दोन हजारच्या दशकाच्या उत्तरार्धात रत्नागिरीत एस.टी. स्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी कार्टूनमधल्या माणसांचे केस हलवायचं काम करायचे. हे काम नातेवाइकांना समजावणं मी लवकरच सोडून दिलं. "कॉम्प्युटरवर असते," एवढं आई सांगायची आणि लोक माना डोलवायचे.

आम्ही तिघंच होतो. मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेला मालक, नाटे गावाहून रोज एस.टी.ने येणारा माझा जोडीदार आणि मी. माणसाची आकृती जोडीदार बनवायचा आणि हातपाय हलवायचा. केस, दागिने, ओढण्या, म्हणजे अंगाबरोबर आपोआप हलायला हवं ते सगळं माझ्याकडे.

त्या पावसाळ्यानंतर मुंबईच्या एका कंपनीने आम्हाला चाचणीचं काम दिलं. कोकणातली मुलगी एकटीच फुगडीच्या गिरक्या घेते आणि थांबते, एवढंच. ते पसंत पडलं तर अख्खी मालिका आम्हाला मिळणार होती. नाही पडलं तर मालक खोल्या सोडणार होता आणि मी मुंबईला भावाकडे जाणार होते. त्याने तिथे एका कार्यालयात आकडे भरायची नोकरी माझ्यासाठी बघून ठेवली होती. बाबांनी एकदाच सांगितलं, "काम मिळालं तर राहा. नाहीतर उगाच वर्ष घालवू नकोस." मला जायचं नव्हतं. मला हेच काम करायचं होतं आणि ते इथेच करायचं होतं. एवढं साधं मागणं एका वेणीला लटकून राहिलं होतं.

कारण मुलीला गुडघ्यापर्यंत वेणी होती, आणि शेंड्याला लाल गोंडा.

अशा वेणीत हाडं घालतात, एकाला एक जोडलेली साखळीच. वरचं हाड डोक्याला बांधायचं, बाकीची कॉम्प्युटरच्या गणितावर सोडायची. डोकं वळलं की ती मागून ओढली जातात. वेणी अंगात घुसू नये म्हणून पाठीला आणि खांद्यांना न दिसणारे गोळे लावायचे, त्यांना हाडं आपटली की बाहेर ढकलली जातात. ऐकायला सोपं आहे. मी पहिल्यांदा प्ले दाबलं तेव्हा वेणी फटाक्याच्या माळेसारखी उडाली आणि पडद्याबाहेर गेली. गोंडा परत आलाच नाही.

कारण सापडायला दिवस गेला. वेणीची दोन हाडं सुरुवातीलाच पाठीच्या गोळ्यात रुतलेली होती. गणिताला ते खपत नाही, ते हाडाला जोरात बाहेर फेकतं. गोळा लहान केला. तरी उडाली. आता मुलगी हात पसरलेल्या मूळ पोजमधून एका फ्रेममध्ये फुगडीच्या पवित्र्यात उडी मारत होती, आणि तेवढ्या वेगाने वेणीला झटका बसत होता. तिला सावकाश पवित्र्यात आणून वेणी निवेपर्यंत थांबवलं, मग फुगडी सुरू केली. उडणं थांबलं. मालक म्हणाला, "झालं ना?" त्याचा मला फार राग आला.

झालं कुठलं. ताठरपणा वाढवला की वेणी झाडूच्या दांड्यासारखी बाहेर यायची. कमी केला की शेवयांसारखी लोंबायची. शेवटी मुळाशी ताठ आणि शेंड्याकडे मऊ असं ठेवलं, तेव्हा ती वेणी दिसली. राहिलं डॅम्पिंग, म्हणजे झोके विझवायचा आकडा. तो कमी असला की मुलगी थांबली तरी वेणी घड्याळाच्या लंबकासारखी हलत बसते. जास्त असला की वेणी काकवीत बुडाल्यासारखी चालते.

आमच्याकडे या आकड्याला 'ओल' म्हणत. मालकाने सुरुवातीला कधीतरी शब्दकोशात पाहिलं होतं, डॅम्प म्हणजे ओलसर, आणि तेच चिकटलं. "रत्नागिरीत ओल काय कमी आहे," हा विनोद तो दर आठवड्याला करायचा.

फाईल पाठवायच्या आदल्या दिवशी मला मुरुडला मावसबहिणीच्या साखरपुड्याला जावं लागलं. जायचं नव्हतंच, पण आईपुढे कोणाचं चालत नाही. निघताना जोडीदाराला सांगितलं, "सगळं जमलंय. फुगडी थांबल्यावर झोके जरा जास्त येतात, तेवढी थोडी ओल वाढव आणि सेव्ह कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन प्ले दाबलं. दोन गिरक्या नीट झाल्या. तिसऱ्या गिरकीला वेणी थरथरली, ताणली गेली, आणि फुटली. हाडं सगळ्या पडद्याभर.

दुपारी फाईल जायची होती, आणि अकराला लोडशेडिंगची लाइट जाणार होती. मी ओलीचा आकडा पाहिला. तो मी ठेवला होता तेवढाच होता. मग मी गोळे तपासले, सुरुवातीचा पवित्रा तपासला, आणि कशातच काही सापडेना तेव्हा डोळ्यांत पाणी यायला लागलं. मालक मागे उभा राहून घड्याळ बघत होता, ते आणखी वाईट.

जोडीदार आला. "तू काय केलंस?" मी विचारलं.

"तू सांगितलंस तेच गो. ओल वाढवली."

"आकडा तर तोच आहे."

"कुठला आकडा? मी गोंड्याचं वजन वाढवलं. ओले केस जड नाय होत? आमची आई न्हाल्यावर मान वर करीत नाय. गोंडा तर भिजला की किती जड. मग वेणी ताणायला लागली, म्हणून ताठरपणा पण वाढवला."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हसावं की मारावं कळेना. बिचाऱ्याचं चुकलं कुठे होतं? आम्हीच त्या आकड्याला ओल म्हणायचो, आणि ओल्या केसांबद्दल तो म्हणाला ते खरंच होतं.

पण निदान कारण कळलं. हलक्या साखळीच्या टोकाला जड गोंडा, आणि वर कडक ताठरपणा. हलकी हाडं त्या गोंड्याला ओढून आणू पाहतात, गणिताच्या प्रत्येक पावलाला थोडं जास्तच ओढतात, आणि ती चूक वाढत वाढत सगळं फुटतं. मी गोंडा परत हलका केला, ताठरपणा आठवेल तसा उतरवला, एका फ्रेममधली गणिताची पावलं वाढवली, आणि खरी ओल थोडी वाढवली. त्याने सेव्ह केल्यामुळे जुने आकडे पुसले गेले होते, सगळं डोळ्यांच्या अंदाजाने करावं लागलं. जोडीदार शेजारी बसून "आता जास्त, आता कमी" म्हणत होता, आणि त्याचा डोळा चांगला होता हे मला कबूल करावं लागलं.

मुलगी थांबली. वेणी तिला वळसा घालून पुढे आली, गोंडा कमरेवर आपटला, एकदा मागे गेला आणि निवला. मी लगेच गणित बंद करून प्रत्येक फ्रेममधली वेणीची जागा पक्की करून टाकली, म्हणजे आता ती कोणाच्या बापालाही उडवता येणार नव्हती. लाइट गेली तेव्हा इन्व्हर्टरच्या जोरावर फाईल मुंबईला जात होती.

आठवड्याने मुंबईहून फोन आला. मालकाने ऐकला, हो हो म्हणाला, ठेवला.

"काम मिळालं. वेणी फार आवडली म्हणाले."

मी खुर्चीत बसले. भावाला काय सांगायचं ते मनात जुळवायलाही लागले.

"फक्त मुलीची वेणी काढून टाकायची आहे," मालक म्हणाला. "आता तिला मोकळे केस हवेत, खांद्यापर्यंत. आणि कानात मोठे डूल."

मोकळे केस म्हणजे एका साखळीऐवजी डोक्याभोवती साखळ्याच साखळ्या. प्रत्येक साखळी गालाला, मानेला, खांद्याला, डुलाला आणि शेजारणीला आपटणार.

जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ओल किती ठेवायची?"

त्या संध्याकाळी मी भावाला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मग रडतेस कशाला गो?"