मीच घातलेली अट

समुद्रपूरच्या प्रशिक्षणाचं प्रवासबिल अडकून पडलं, तेव्हा मी वर्ध्याच्या ऑफिसात अन्याय झालेल्या माणसाच्या चेहऱ्याने वावरत होतो. बचत गटांना प्रशिक्षण देणारी आमची संस्था. त्या दिवशी पावसामुळे कार्यक्रम लांबला, शेवटची एसटी गेली आणि मी टॅक्सी करून परतलो.

आठवडे लोटले तरी पैसे जमा होईनात. मग मी संचालकांना कडक पत्र लिहिलं. ‘प्रवासभत्ता धोरणानुसार कामासाठी केलेला खर्च देणे संस्थेस बंधनकारक आहे,’ असं वाक्य टाकून मला वकील झाल्यासारखं वाटलं. पत्राची प्रत घेऊन हिशोब सांभाळणाऱ्या ताईंच्या टेबलाशी गेलो.

ताईंनी पत्र शांतपणे वाचलं. “सर, बिल मी अडवलं नाई. काय पाह्यजे ते मेल केलतं तुमाले. तुमी उघडलाच नाई.”

मी मोबाईल उघडला. मेल होता.

“अन् टॅक्सीले आधी लेखी मंजुरी लागते. धोरणात हाय.”

“असली अट कोणी घातली?” मी आवाज चढवला.

“तुमीच. धोरणाच्या समितीत होते ना तुमी? लोक खोटी बिलं लावतात म्हणून भांडले होते.”

मला ती बैठक आठवली. आठवला तो माझा टेबलावर आपटलेला हात. शेजारच्या टेबलावरचे दोघं अचानक फार मन लावून काम करू लागले.

“मग आता?” माझा आवाज बराच खाली आला होता.

“अडचणीत मागून मंजुरी घेता येते, हे पुढचं कलम वाचा. त्यालेही तुमी नाई म्हणत होते. काऊन ते मले आजही समजलं नाई.”

घरी आलो आणि पिशवी पालथी केली. एसटीचं जातानाचं तिकीट इतकं फिकं झालं होतं की त्यावर फक्त माझा विश्वास उरला होता. नशिबाने त्याचा फोटो मोबाईलमध्ये होता. टॅक्सीवाल्याला फोन करून गाडी नंबर आणि सहीसकट पावती मागवली. प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक जोडलं, त्यावर संपल्याची वेळ होती. मग नवा अर्ज लिहिला: प्रवास कुठून कुठे, कशासाठी, कोणती पावती कोणत्या खर्चाची, आणि मागाहून मंजुरीची विनंती त्या कलमाचा क्रमांक देऊन. ‘बंधनकारक’ हा शब्द या वेळी आपोआपच गळाला.

संचालकांनी कारण वाचून सही केली. टॅक्सीचं भाडं मिळालं. रस्त्यातला चहा-नाश्ता मात्र कापला गेला. त्याची पावती नव्हती, आणि पावतीशिवाय काहीच द्यायचं नाही हेही त्याच बैठकीत ठरलं होतं. कुणी सुचवलं होतं, हे मी ताईंना विचारलं नाही.