मावशीची दाढ आणि बसचं बॉनेट

बीदरला दातांच्या कॅपा बनवायची माझी लॅब आहे, तिथे नवा आर्टिक्युलेटर आला तेव्हा मी दिवसभर तो नुसता उघडझाप करत बसलो होतो. आर्टिक्युलेटर म्हणजे लोखंडी जबडाच. वरच्या दातांचा साचा वर, खालच्यांचा खाली प्लास्टरने बसवायचा आणि कानाजवळच्या सांध्यासारखी बिजागरी पाठीमागे. साचे नुसते हातात धरून चालत नाही का, असं सगळे विचारतात. नाही चालत! हातात ते फक्त वरखाली आपटतात. भाकरी चावताना माणूस जबडा आडवा फिरवतो, तो हातात कसा फिरणार?

त्या यंत्रावरचं पहिलंच काम माझ्या सख्ख्या मावशीचं होतं. ती मादन हिप्परग्याची. मागे कुठेतरी बसवलेली कॅप उंच राहिली, चावलं की आधी तीच टेकायची, आणि कॅप काढून टाकली तरी दाढ दुखतच राहिली, आणि मावशी वर्षभर दुधात भिजवलेली भाकरी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर एकटीच खायची. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी उजव्या बाजूच्या खालच्या शेवटच्या दोन दाढा नव्या कॅपसाठी घासल्या, तेव्हा ती बजावून बसली, "ह्या टायमाला न्हाई बसलं तर दोन्ही दाढा उपटून टाकते. मला न्हाई सोसत आता." आणि ती बोलली की करते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

डॉक्टरीणबाईंनी पाठवलेले साचे आणि चाव्याचं मेण आळंदकडून येणाऱ्या बसने आलं. दाढा घासल्या की त्या बाजूचा टेकू जातो, साचे डगमगतात. म्हणून तोंडात मऊ मेणाची पट्टी चावायला देतात. तिच्यावर उमटलेल्या खुणांत साचे बसवले की तोंडातला चावा टेबलावर येतो. मी ते मेण मध्ये ठेवून साचे यंत्रावर बसवले, प्लास्टर घट्ट झाल्यावर मेण काढलं आणि बघतो तर वरखालच्या डाव्या दाढांमध्ये फट, कागद आरपार! त्या दाढांना तर कुणी हातही लावला नव्हता. ज्वारी चावून चावून त्यांच्यावर गुळगुळीत ठिपके पडलेले, ते एकमेकांवर यायला हवे होते. ह्याच्यावर कॅप केली असती तर पुन्हा उंच, पुन्हा दूध-भाकरी. नाही, दाढाच गेल्या असत्या.

मी तणतणत डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्याही माझ्याच जातकुळीच्या, भडकल्या. "तोंडात डाव्या दाढा घट्ट टेकल्यात. मी पातळ पट्टी धरून ओढून बघितलंय, सुटली न्हाई. मेण तुमच्याकडंच बिघडलंय!"

दुसऱ्या दिवशी स्टँडवर दुसऱ्या एका पेशंटच्या साच्यांचा डबा घ्यायला गेलो. ड्रायव्हरने नेहमीसारखा शेजारच्या बॉनेटवरून उचलून दिला आणि माझी बोटं भाजली. आमच्याकडे पार्सल ड्रायव्हरच्या हाती द्यायचं आणि त्याने ते नजरेसमोर, इंजिनाच्या बॉनेटवर ठेवायचं, हीच रीत. तिथे मेण वितळलं नसेल, पण वाकलं होतं! मी स्टँडवरच ओरडलो, "सापडलं!" ड्रायव्हर म्हणाला, "काय हरवलं हुतं अण्णा?"

मी यंत्र मांडीवर घेऊन मादन हिप्परगा गाठलं. डॉक्टरीणबाईंनी मावशीच्या कानांना टेकणारी कमान लावली, तिचा काटा वरच्या दातांना धरला. त्यावरून वरचा साचा सांध्यापासून नेमका किती दूर ते यंत्राला कळतं. मावशी म्हणाली, "कामून जोखायलीस गं, बाजारात न्यायची हाय का?" मग मेणाला सुट्टी. घासलेल्या दाढांवर फक्त लवकर घट्ट होणारं सिलिकॉन घातलं, मावशीने दात मिटले, डावीकडे पट्टी धरून ओढली. सुटली नाही! घट्ट झालेल्या तुकड्याच्या कडा आणि खोल भाग मी ब्लेडने कापून टाकले, दाढांच्या टोकांच्या खुणा तेवढ्या ठेवल्या, नाहीतर साचा त्यात पूर्ण खाली बसत नाही. बीदरला साचे नव्याने बसवले. डाव्या बाजूचे ठिपके ठिपक्यांवर. मी एकटाच टाळी वाजवली.

आठवड्याने कॅपा घेऊन गेलो. दोन्ही बसल्या. डाव्या, उजव्या, दोन्ही बाजूंना पट्टी सारखी अडकली. जबडा आडवा फिरवायला लावला, कुठे आपटलं नाही. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून हसल्या, आणि मला नाचावंसं वाटलं.

मावशीला मात्र ह्या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या दुपारी तिच्या घरी पंगत बसली तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा तीही आमच्याबरोबर बसली. मी दुधाची वाटी तिच्या ताटाजवळ सरकवली. तिने ती माझ्याकडे ढकलली, कडक भाकरीचा तुकडा मोडला आणि उजव्या बाजूला घातला. घरभर ऐकू यावं असा कडकड आवाज झाला. सगळ्यांचे हात थांबले.

"जेवा की," ती तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाली, "माझ्या तोंडाकडं काय बघायलाव?"