कुलसुमबीने गोळ्या फेकल्या नाहीत

जीवनसत्त्वांच्या अतिसेवनाने यकृत बिघडल्याची बातमी वाचून आचऱ्याची कुलसुमबी घाबरली. घरातली सगळी औषधं फेकायचं ठरवून तिने साप्ताहिकात आहारसल्ला लिहिणाऱ्या इंदुमती सामंतांना तसं कळवलं; कुठलं औषध कशासाठी घेते, त्याची यादीही पत्रात दिली.

त्यांचं उत्तर आलं : "शार्कच्या यकृताचं तेल आणि टॉनिक, दोन्हींत अ जीवनसत्त्व आहे. तेल आजच थांबवा. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून दिल्यात, त्या सोडू नका. बाकीचं त्यांना दाखवून एकेक ठरवा."

"टाक गो सगळा!" नवरा म्हणाला.

"नाय. लोहाच्या गोळ्यांनीच माजी चक्कर कमी झाली," म्हणत ती सगळ्या बाटल्या घेऊन एकटीच मालवणला डॉक्टरांकडे गेली. त्यांनी रक्त तपासून टॉनिक बंद केलं, लोह चालू ठेवलं. पुढच्या तपासणीत रक्त भरलेलं दिसलं, तेव्हाच डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने त्या गोळ्या सोडल्या.