उशिराने वाढलेला आकडा

कुमुद टिपणीस पनवेलच्या एका नर्सिंग होममध्ये बारा वर्षं रक्त तपासत होती. चूक कबूल करायला तिला कधी मुहूर्त लागला नाही. अशा बाईशी संसार म्हणजे रोजची परीक्षा, असं नवरा म्हणे. डॉक्टरांना मात्र रिपोर्ट तिच्याच हातचा लागे.

१९९३च्या मे महिन्यात सुरैय्याचं सात महिन्यांचं बाळ उलट्यांनी मलूल होऊन दाखल झालं. तिचं पहिलं मूल असंच गेलेलं. 'हिचं दूधच बाधतं,' असं सासू उघड बोलू लागली होती. डॉक्टर चारुदत्तांनी रक्तातला अमोनिया आणि लॅक्टेट तपासायला सांगितले. दोन्ही तपासण्या वाशीच्या लॅबमध्ये होत. तीन वाजता फोन आला, आकडे तिपटीने जास्त. डॉक्टरांनी दूध बंद केलं, सलाइनमधून साखर लावली आणि दूध पचवण्यातच जन्मजात दोष असल्याचा संशय म्हणून मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहायला घेतली.

आकडे ऐकून कुमुद सकाळचा हिशोब मांडू लागली. साडेआठला तिने रडत्या बाळाचा दंड करकचून बांधून रक्त काढलं आणि नळ्या नेहमीसारख्या स्टँडमध्ये ठेवल्या. नमुने पोचवणारा काशीराम अकराला त्या घेऊन निघाला आणि स्कूटरने विचुंबे, पळस्प्याच्या दवाखान्यांतले नमुने गोळा करत दीडला वाशीत पोचला. बाकीच्या तपासण्यांना एवढा उशीर चालून जाई.

"डॉक्टर, चूक माझी आहे," ती म्हणाली. "रक्त नळीत आलं तरी पेशींचं काम थांबत नाही. साखर खाऊन त्या लॅक्टेट सोडत राहतात, अमोनियाही वाढत जातो. बाळ रडलं, दंड आवळला, त्यानेही आकडे चढतात. वर बर्फ नाही, पाच तास उकाडा! या आकड्यांत बाळाचं किती आणि उशिराचं किती, कोण सांगणार?"

"आणि दोष खरा असला तर?" डॉक्टर म्हणाले. "अँब्युलन्स यायला दोन तास आहेत. तेवढ्यात नवे आकडे आणा."

काशीराम नुकताच परतला होता. तिने त्याला मासळी बाजारात बर्फाला पिटाळलं.

"आनतो. पन म्यॅडम, पळस्प्याची मानसं रिपोर्टची वाट बघत हायेत."

"बघू देत."

तिने बर्फाचा चुरा पाण्यात कालवला, कारण नुसत्या बर्फात रक्त गोठून पेशी फुटल्या तर पुन्हा बोंब. नळ्या आधीच गार केल्या. बाळ शांत होईपर्यंत थांबली, दंड न बांधता रक्त घेतलं. लगेच यंत्रात फिरवून वरचा पिवळा द्रव वेगळा केला, बर्फाच्या थर्मासात ठेवला आणि स्वतः स्कूटरवर काशीरामच्या मागे बसली. चाळीस मिनिटांत वाशी. नमुना मशीनवर चढेपर्यंत ती तिथून हलली नाही.

दोन्ही आकडे नॉर्मल. तिने तिथूनच फोन केला. डॉक्टरांनी अँब्युलन्स परत पाठवली. पोटाची साधी लागण होती.

परतल्यावर ती आधी सुरैय्याकडे गेली. "बाळात दोष नाही. तुमच्या दुधातही नाही. पहिलं रक्त माझ्या हलगर्जीपणाने बिघडलं."

सुरैय्या तिच्यावर उसळली. "दुपारपासून मी त्याला उपाशी रडताना बघतेय. तुमच्यामुळे?"

"हो."

"मग हे बाहेर अम्मीजानना सांगा. सगळ्यांसमोर. मोठ्याने."

भरल्या व्हरांड्यात, सासूसमोर उभं राहून कुमुदने ते मोठ्याने सांगितलं. आत बाळ दूध पीत होतं.